इको स्कोअर आणि टाकीतला हिशेब : एका पेट्रोल गाडीच्या नोंदी

२ मार्च

गाडी १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची, मॅन्युअल गिअरची, हायब्रिड नसलेली आहे. प्रवास संपवून इंजिन बंद केले की डिस्प्लेवर शंभरपैकी गुण, म्हणजे इको स्कोअर, दिसतात आणि त्याखाली तीन ओळी असतात : निघणे, धावणे आणि थांबणे. प्रत्येक ओळीत जास्तीत जास्त पाच पट्ट्या भरतात आणि सर्वांत खाली एका वाक्यात एखादी सूचना येते. सर्व कंपन्यांची विभागणी अशीच नसते. टोयोटाच्या काही गाड्यांत याच तीन गोष्टी मोजल्या जातात, तर फोर्डच्या काही गाड्यांत गिअर बदलणे, पुढचा अंदाज घेणे आणि वेग असे तीन भाग असतात. म्हणून या नोंदी वाचून कोणी असेच काम हाती घेणार असेल, तर आपल्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत ही विभागणी आधी पाहावी, कारण पुढचे जवळजवळ सगळे निष्कर्ष तिच्यावर अवलंबून आहेत.

रोजचा रस्ता ठरलेला आहे. एका बाजूचे अंतर २४ किलोमीटर असून त्यातले १५ किलोमीटर सिग्नल नसलेल्या वेगवान रस्त्याचे आहेत. उरलेले ९ किलोमीटर सिग्नलांच्या रस्त्याचे असून त्यातले बहुतेक सुरुवातीला आणि थोडे शेवटी येतात. हेतू एवढाच आहे की डिस्प्ले सांगतो तसे वागल्याने पेट्रोल खरोखर किती वाचते, आणि तीनपैकी कोणती ओळ ते वाचवते, हे कळावे.

आज दोन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे डिस्प्लेचे एकक किलोमीटर प्रति लिटरवरून लिटर प्रति १०० किलोमीटरवर आणले. आपण सारे ‘गाडी किती ॲव्हरेज देते’ याच भाषेत बोलतो आणि शेवटी मीही त्याच भाषेत आकडे देणार आहे, पण रस्त्याचे तुकडे पाडून बेरीज-वजाबाकी करायची असेल तर ते एकक फसवते. १० किलोमीटर २० च्या ॲव्हरेजने आणि १० किलोमीटर १० च्या ॲव्हरेजने गेल्यास एकूण ॲव्हरेज १५ येत नाही, १३.३ येते. लिटर मोजले की हा घोळ होत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे अंतर आणि वापर मोजणारा ट्रिप ए हा मापक टाकी भरल्यावर आपोआप शून्य होत होता, तो पर्याय बंद केला.

१३ मार्च

पहिली टाकी वाया गेली. पंपावर नळी आपोआप बंद पडल्यानंतरही आकडा पूर्ण करण्यासाठी थोडे पेट्रोल वर भरले गेले आणि ते नेमके किती, हे सांगता येईना. टाकी ते टाकी हिशेबात दोन्ही वेळा टाकी सारख्याच पातळीला भरलेली असावी लागते, नाहीतर निघालेला आकडा निरुपयोगी ठरतो. आता नियम असा आहे : तोच पंप, शक्यतो तेच यंत्र आणि तीच जागा, म्हणजे गाडीचा कल बदलत नाही. नळी पहिल्यांदा ‘खट्’ करून थांबली की तिथेच भरणे बंद. एवढे करूनही अर्धा लिटर इकडेतिकडे होऊ शकते, आणि ३४ लिटरमध्ये अर्धा लिटर म्हणजे दीड टक्का. त्यामुळे दोन टाक्यांमधला ०.१ लिटर प्रति १०० किलोमीटरचा फरक मी फरक मानणार नाही.

एसी संपूर्ण काळ एकाच ठेवणीवर ठेवायचा ठरवले आहे. टायरमधली हवा चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरील स्टिकरप्रमाणे भरून घेतली. चारही टायरांत ४ पीएसआय कमी निघाली. प्रत्येक पीएसआयमागे इंधनात साधारण ०.२ टक्का फरक पडतो असे धरले जाते, म्हणजे हा लाभ एक टक्क्याच्या आतला आहे आणि माझ्या मोजणीत तो दिसणारच नाही. तरीही हवा मोजणी सुरू करण्याआधी भरलेली बरी, कारण मध्येच भरली तर नंतरच्या प्रत्येक आकड्यावर शंका राहते. स्कोअरला मात्र हवा कमी आहे हे कळले नव्हते आणि भरल्याचेही कळले नाही. तो टायरांकडे पाहतच नाही.

२६ मार्च

आधाररेषा मिळाली. नेहमीच्या सवयीने, काहीही न बदलता ४८६ किलोमीटर गाडी चालवली आणि ३४.० लिटर पेट्रोल भरले, म्हणजे १०० किलोमीटरला ७.० लिटर. रोजच्या भाषेत ॲव्हरेज १४.३. डिस्प्ले मात्र याच काळासाठी ६.६ दाखवत होता. डिस्प्लेचा आकडा इंजिनात पेट्रोल सोडणारे इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले यावरून काढलेला अंदाज असतो आणि तो वास्तवापेक्षा थोडा गोड असणे हे सर्रास आढळते. त्यात गैर काही नाही, फक्त गुणक माहीत हवा. माझ्या गाडीचा गुणक १.०६ आला. म्हणजे एका प्रवासाची दुसऱ्या प्रवासाशी तुलना करायला डिस्प्ले पुरेसा आहे, पण वाचलेले लिटर सांगायचे असतील तेव्हा १.०६ ने गुणावे लागेल.

आधाररेषेचा स्कोअर ६४ आहे. हा आकडा काढतानाही एक अडचण आली. गाडी दर वेळी सुरू केली की स्कोअर नव्याने मोजायला लागते, त्यामुळे कोपऱ्यावर जाऊन आलेल्या दोन किलोमीटरचे गुण आणि २४ किलोमीटरचे गुण दोन्ही कागदावर सारख्याच मानाने बसतात. साधी सरासरी घेतली तेव्हा ७१ आली होती. प्रत्येक गुणाला त्या प्रवासाच्या किलोमीटरने गुणून मग बेरीज केली आणि एकूण किलोमीटरने भागले, तेव्हा ६४ मिळाले. पुढचे सर्व स्कोअर असेच काढलेले आहेत.

आकडे प्रवास संपवून गाडी उभी केल्यावरच टिपतो. चालू गाडीत तिकडे नजर लावून बसणे धोक्याचे आहेच, शिवाय पट्टी भरतेय का हे पाहत चालवणारा माणूस समोरच्या सिग्नलचा अंदाज घेत नाही.

८ एप्रिल

आधाररेषेत सर्वांत वाईट ओळ ‘निघण्या’ची होती, पाचपैकी जेमतेम दोन पट्ट्या. सूचनाही सारखी तीच येत होती, ‘हळुवारपणे वेग वाढवा’. म्हणून ही टाकी फक्त त्या एका सूचनेवर खर्च केली. ॲक्सिलरेटर इतका हलका ठेवला की ताशी ५० किलोमीटरचा वेग यायला आधीच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागे. निघण्याच्या पट्ट्या पाच झाल्या आणि एकूण स्कोअर ८५ च्या आसपास स्थिरावला. आकडा पाहून काम फत्ते झाल्यासारखे वाटले.

टाकीचा हिशेब आला ६.९. म्हणजे वर ठरवलेल्या मर्यादेप्रमाणे काहीच फरक नाही.

कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. पेट्रोल इंजिन अगदी हलक्या भारावर चालवले की त्याची कार्यक्षमता कमी असते, कारण थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, जवळजवळ बंद असताना हवा ओढून घेण्यातच त्याची बरीच शक्ती जाते. त्याउलट मध्यम भार आणि मिनिटाला कमी फेरे ही त्याची काटकसरीची जागा असते. मी फेरे कमी ठेवत होतो, पण भारही कमी ठेवत होतो, आणि त्यामुळे गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत होती. जो वेळ तिने वरच्या गिअरमध्ये काढायचा, तो खालच्या गिअरमध्ये जात होता. त्यात भर म्हणजे रस्त्यावरच्या लागोपाठच्या सिग्नलांपैकी दुसरा, जो एरवी हिरवा मिळे, तो आता हमखास लाल मिळू लागला. मागच्या गाड्यांचे हॉर्न हा हिशेबाबाहेरचा खर्च.

यावरून निघण्याची पद्धत बदलली. ॲक्सिलरेटर साधारण अर्धा दाबायचा, पण गिअर २००० ते २३०० फेऱ्यांच्या दरम्यान वर टाकायचे आणि डिस्प्लेवरचा गिअर बदलण्याचा बाण आला की त्याचे ऐकायचे. अपवाद चढाचा. चढावर बाणाप्रमाणे वरचा गिअर टाकल्यावर इंजिन थरथरू लागले, तर तो खालीच ठेवायचा. या पद्धतीने निघण्याच्या पट्ट्या तीनवर येतात. त्या तिथेच राहू द्यायच्या ठरवल्या आहेत.

१६ एप्रिल

आजची नोंद लांब आहे, कारण सगळे काम आजच्या नोंदीने वळले.

ताईला काही दिवस गाडी हवी होती आणि तिचा रस्ता योगायोगाने माझाच होता. परत देताना ती म्हणाली, “तुझी गाडी मला रोज नापास करते रे.” तिचा स्कोअर ७२ होता. माझा त्या आठवड्यातला स्कोअर ८८ होता, कारण हळू निघण्याची सवय अजून पुरती सुटलेली नव्हती. पण ट्रिपचा आकडा पाहिला तर तिच्या प्रवासांचा वापर ६.१ होता आणि माझा ६.६. सोळा गुणांनी मागे असलेला चालक पेट्रोल कमी जाळत होता.

हे समजून घ्यायला प्रवासाचे तुकडे पाडणे भाग होते. त्यासाठी ट्रिप ए संपूर्ण प्रवासाला ठेवला. ट्रिप बी वेगवान रस्त्याच्या आधीच्या शेवटच्या सिग्नलवर शून्य केला आणि तो रस्ता संपल्यावरच्या पहिल्या सिग्नलवर वाचला. दोन्ही वेळा गाडी उभी असते. सिग्नलांच्या ९ किलोमीटरांचे पेट्रोल वजाबाकीने मिळते. ताईने एक प्रवास माझ्यासोबत पुन्हा केला, म्हणजे तीच गाडी, तोच रस्ता आणि जवळपास तीच वेळ.

वेगवान १५ किलोमीटरांत मी ताशी ११० ने जातो आणि वापर ६.४ येतो, म्हणजे ०.९६ लिटर. ताई ९० ने जाते, तिचा वापर ५.२ आला, म्हणजे ०.७८ लिटर. फरक ०.१८ लिटर. सिग्नलांच्या ९ किलोमीटरांत माझा वापर ७.० म्हणजे ०.६३ लिटर, आणि तिचा ७.५ म्हणजे जवळजवळ ०.६८ लिटर. इथे ती ०.०५ लिटरने मागे. तिला सिग्नलाजवळ जाऊन ब्रेक दाबायची सवय आहे आणि स्कोअरने तिला जे नापास केले ते याच ५० मिलिलिटरांसाठी. उलट माझे १८० मिलिलिटर दर फेरीला जास्त जात होते आणि त्याबद्दल स्कोअर मला पाचपैकी पाच पट्ट्या देत होता.

‘धावणे’ ही ओळ काय मोजते, हे यावरून उलगडले. ॲक्सिलरेटर किती स्थिर आहे एवढेच ती पाहते, वेग किती आहे हे पाहत नाही, निदान या गाडीत तरी नाही. ताशी ११० वर क्रूझ कंट्रोल लावून दिला की पाऊल हलतच नाही, आणि न हलणारे पाऊल म्हणजे पूर्ण गुण. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० च्या तुलनेत ११० ला तो जवळजवळ दीडपट असतो. एकूण वापर दीडपट होत नाही, कारण टायरांचा विरोध आणि इंजिनाचे स्वतःचे घर्षण त्या प्रमाणात वाढत नाही. माझ्या मोजणीत वाढ २३ टक्के आली. ज्या गाड्यांच्या स्कोअरमध्ये वेग हा स्वतंत्र भाग असतो, तिथे ही फट कदाचित राहत नसेल. आपल्या गाडीत ती आहे का, हे पाहण्याचा सोपा मार्ग म्हणजे एकाच रस्त्यावर दोन वेगांनी जाऊन गुण बदलतात का ते पाहणे. गुण तेच राहिले, तर वेगाची काळजी स्वतःच घ्यावी लागणार.

वेळेचा खर्चही लिहून ठेवतो. १५ किलोमीटरांना ११० ने आठ मिनिटांहून थोडे जास्त लागतात आणि ९० ने दहा. फरक दोन मिनिटांपेक्षा कमी आहे, आणि पुढच्या सिग्नलवर तो बहुतेक वेळा गिळलाच जातो.

३० एप्रिल

ही टाकी वेगवान रस्त्यावर ९० ने. ५१२ किलोमीटर, ३२.३ लिटर, म्हणजे ६.३. आधाररेषेपेक्षा ०.७ कमी, आणि हे मोजणीच्या चुकीत बसणारे नाही. कागदावरच्या हिशेबाने ०.८ यायला हवे होते, पण पूर्वीही गर्दीमुळे रोज ११० गाठता येत नव्हते, तेव्हा एवढी तफावत समजण्यासारखी आहे.

स्कोअर या काळात ८८ वरून ८१ वर आला. निघण्याच्या पट्ट्या तीनच आहेत, आणि ९० ने जाताना अवजड वाहनांमागे अडकल्यावर वेग कमी-जास्त करावा लागतो, त्यामुळे धावण्याचीही एक पट्टी गेली. सर्वांत मोठी बचत ज्या टाकीत झाली, त्याच टाकीत स्कोअर घसरला.

अवजड वाहनांमागे अगदी चिकटून गेल्यास वापर आणखी खाली येतो, हे डिस्प्लेवर दिसते. पण त्या अंतरावर थांबायला जागा उरत नाही. तो आकडा मी या नोंदींत धरलेला नाही.

१९ मे

‘थांबणे’ या ओळीवर काम केले आणि तीनही ओळींत तिनेच सर्वांत जास्त शिकवले.

आधी एक ढोबळ हिशेब. गाडी माणसांसह सुमारे १२०० किलोची आहे. ताशी ६० च्या वेगात तिच्यात साठलेली ऊर्जा साधारण १६७ किलोज्यूल असते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल असतात, पण त्यातले चौथा भागच चाकांपर्यंत पोहोचतात असे धरले, तर ६० पर्यंत पुन्हा वेग घ्यायला सुमारे २० मिलिलिटर पेट्रोल लागते. ब्रेक दाबून थांबणे म्हणजे हे २० मिलिलिटर ब्रेकच्या तबकड्यांत उष्णता करून टाकणे.

पहिला प्रयत्न फसला. सिग्नल लाल दिसताच गाडी न्यूट्रलमध्ये घालून सोडून देत होतो. ती लांबवर घरंगळत जाई, पण तत्काळ वापराच्या पट्टीकडे सोबत्याला लक्ष ठेवायला सांगितले तेव्हा ती शून्यावर जात नव्हती. उभ्या गाडीत इंजिन तासाला ०.७ लिटर पेट्रोल पिते, आणि न्यूट्रलमध्ये चालत्या गाडीतही तेवढेच पिते. ताशी ५० वर हे १.४ लिटर प्रति १०० किलोमीटर होते आणि डिस्प्लेवर तोच आकडा होता. गाडी गिअरमध्येच ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की आकडा ०.० होतो, कारण तेव्हा इंजिन चाकांच्या जोरावर फिरते आणि इंजेक्टर पेट्रोल बंद करतात. सुमारे १२०० फेऱ्यांच्या खाली गेल्यावर इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल पुन्हा सुरू होते. इंजिन थंड असताना हा पुरवठा बंद व्हायला उशीर होतो, म्हणून सकाळच्या पहिल्या एक-दोन किलोमीटरांत शून्य दिसले नाही तर बिघाड समजू नये.

गिअरमध्ये गाडी लवकर मंदावते, हे खरे. तेव्हा पाय कुठे काढायचा हे नव्याने ठरवावे लागले. फार लवकर काढला तर सिग्नलाच्या अलीकडेच वेग संपतो, मग शेवटच्या पन्नास मीटरांसाठी पुन्हा ॲक्सिलरेटर दाबावा लागतो आणि सगळे मुसळ केरात जाते. प्रत्येक सिग्नलाआधी पाय काढण्याची जागा हळूहळू ठरत गेली. सपाट रस्त्यावर ताशी ६० वरून तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये सुमारे दोनशे मीटर पुरतात, उतारावर जास्त लागतात. न्यूट्रल मी सोडून दिले. ते फक्त पेट्रोलसाठी नाही. उतारावर न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध मिळत नाही आणि अचानक वेग घ्यायची वेळ आल्यास एक क्षण गिअर शोधण्यात जातो.

थांबण्याच्या पट्ट्या आठवड्याभरात पाच झाल्या. मात्र त्यातही एक खोच निघाली. गाडी पूर्ण थांबते तेव्हाच ही ओळ गुण देते. पाय काढून पुढे येता-येता सिग्नल हिरवा झाला आणि गाडी ताशी ३० वरूनच पुढे निघाली, तर थांबण्याची घटनाच घडली नाही, म्हणून गुण नाहीत. वास्तविक सर्वांत मोठी बचत तीच आहे. वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने ३० वर ६० च्या ऊर्जेचा चौथा भाग शिल्लक असतो, म्हणजे २० पैकी सुमारे ५ मिलिलिटर हातात राहिले आणि शून्यापासून निघताना क्लच घासण्यात जाणारेही वाचले. उलट गर्दीत दहा-दहा मीटर सरकत गेलो, तर प्रत्येक सरकणे एक निघणे आणि एक थांबणे म्हणून मोजले जाते. कासवगतीने सरकल्यामुळे ती सगळी ‘छान’ ठरतात. एका मोठ्या कोंडीच्या दिवशी स्कोअर ९४ आला होता आणि वापर ९.८.

समोर मोठे अंतर ठेवले की शेजारच्या रांगेतली गाडी त्यात घुसते. यावर उपाय मिळाला नाही. घुसू द्यावे आणि पुन्हा अंतर धरावे एवढेच.

टाकीचा हिशेब : ५२१ किलोमीटर, ३०.९ लिटर, म्हणजे ५.९.

२४ मे

सूचनांबद्दल. आतापर्यंत आलेल्या सूचना वहीत टिपून ठेवल्या होत्या आणि त्या दिवशीच्या पट्ट्यांशी ताडून पाहिल्या. सूचना त्या प्रवासातल्या सर्वांत कमी पट्ट्यांच्या ओळीला जोडलेली असते, सर्वांत जास्त पेट्रोल कुठे गेले याला नाही. म्हणून माझ्याकडे आता रोज ‘हळुवारपणे वेग वाढवा’ हेच येते आणि ते येतच राहणार, कारण ती ओळ मी मुद्दाम तीनवर सोडली आहे. ‘अचानक ब्रेक टाळा’ ही सूचना मात्र खरी उपयोगाची निघाली. ती ज्या दिवशी आली, त्या दिवशी कुठेतरी पुढचा अंदाज चुकला होता, आणि गाडी उभी करतानाच तो प्रसंग आठवत असे. दुसऱ्या दिवशी आठवत नाही. तेव्हा सूचना तिथल्या तिथेच वाचावी.

वेग कमी करण्याची सूचना मला कधीच आली नाही.

३१ मे

जवळच्या फेऱ्यांची स्वतंत्र नोंद. दोन किलोमीटरच्या फेरीत, इंजिन थंड असताना, स्कोअर ९० च्या वर आणि डिस्प्लेवरचा वापर ११ च्या वर असे रोजचेच झाले आहे. थंड इंजिनाला सुरुवातीला जास्त पेट्रोल द्यावे लागते, घट्ट तेलाचे घर्षण जास्त असते आणि इंजिन तापेपर्यंत फेरी संपलेली असते. अशा फेरीत चालवण्याच्या पद्धतीने जो फरक पडतो तो नगण्य आहे. दोन जवळची कामे एकाच फेरीत, इंजिन गरम असताना उरकली, तेव्हा दुसऱ्या टप्प्याचा वापर ७ च्या आत आला. स्कोअर दोन्ही वेळा तोच होता. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून वाट पाहणे हेही त्याच्या नजरेआड राहते. दहा मिनिटांत ०.१ लिटरहून जास्त पेट्रोल जाते आणि एकही पट्टी हलत नाही.

२० जून

आणखी एक टाकी जुळवून घेतली, म्हणजे मे महिन्यातला आकडा योगायोगाने आलेला नाही याची खात्री होईल. पुन्हा ५.९ आला. ॲव्हरेजच्या भाषेत १४.३ चे १६.९ झाले. हजार किलोमीटरांना ७० लिटर लागत होते तिथे ५९ लागतात. वाचलेल्या ११ लिटरांपैकी सुमारे सात वेगवान रस्त्यावरच्या ९० चे आहेत आणि चार थांबण्याच्या ओळीचे. निघण्याच्या ओळीवर घालवलेल्या टाकीने नाव घेण्याजोगे काहीही दिले नाही.

शेवटचा स्कोअर ८३ आहे. आठवड्याच्या सरासरीत सर्वोच्च ८८ होता, आणि त्या आठवड्यात वापर आधाररेषेइतकाच होता.

आता डिस्प्लेवर मी एकूण गुण पाहत नाही. थांबण्याच्या पट्ट्या चारच्या खाली गेल्या का एवढे पाहतो, आणि ट्रिप बीवर वेगवान रस्त्याचा वापर ५.४ च्या वर गेला तर कारण शोधतो. मागच्या आठवड्यात तो सलग ५.७ येत होता. छतावर सामानासाठी लावलेले आडवे दांडे काढायचे राहून गेले होते. ते काढल्यावर आकडा ५.२ वर परत आला. स्कोअर या सगळ्या काळात ८३ च होता.